कंद उलटा करून दाखवा

एप्रिल उजाडला की रोपवाटिका चालवणाऱ्यांच्या फोनवर एका ठरावीक तऱ्हेचे फोटो येऊ लागतात. वर्तमानपत्रावर पसरलेला मातकट ढीग, त्यात काही चपटे, काही लांबोडके, काही वेडेवाकडे गड्डे, आणि सोबत प्रश्न: "हे कशाचे आहेत? लावले तर काय येईल?" कुणी जुनं घर सोडताना अंगणातली माती उपसलेली असते. कुणाला शेजारच्या काकूंनी गावी जाताना पिशवीभर कंद दिलेले असतात आणि पिशवीतली चिठ्ठी भिजून तिचा लगदा झालेला असतो. पान नाही, फूल नाही, खोडाचा पत्ता नाही. झाडाची ओळख पटवायला माणूस एरवी ज्या खुणा बघतो, त्यातली एकही शिल्लक नसते.

तरीही अशा फोटोवरून बरंच काही सांगता येतं. अडचण बहुतेक वेळा कंदात नसते, फोटोत असते. लोक कंद जमिनीवर ठेवतात आणि वरून फोटो काढतात. वरून जवळजवळ सगळे कंद सारखेच दिसतात: मधोमध वाळलेल्या खोडाचा थोटूक, भोवती तपकिरी साल, थोडी माती. ओळखीच्या खुणा असतात खाली आणि आत. मुळं कुठून फुटतात, मागच्या हंगामाचं काय उरलंय, डोळे कुठे आहेत, कापल्यावर थर दिसतात की भरीव गर, या चार गोष्टी कळल्या की शंभर शक्यता चार-पाचांवर येतात. म्हणून जाणता माळी फोटो आला की नाव सांगायच्या आधी म्हणतो, "ताई, एकदा उलटा करून दाखवा."

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते एका उदाहरणाने पाहू. समजा, साताऱ्याकडच्या एका जुन्या घराच्या मागच्या अंगणातून मे महिन्यात असा ढीग निघालाय. त्यात चार प्रकार दिसतात. वीस-पंचवीस चपटे गोल कंद. डझनभर कांद्यासारखे, मान असलेले. एकमेकांना चिकटलेले जाड, गुलाबीसर गड्ड्यांचे दोन मोठे गठ्ठे. आणि दोन-तीन गुळगुळीत, लांब, कोनात वाकलेले कंद, जे कुणीतरी रताळी म्हणून बाजूला काढून ठेवलेत.

चपट्यांपासून सुरुवात करू, कारण त्यांची ओळख सगळ्यांत पक्की होते. वरून पाहिलं तर जाळीदार, कागदासारख्या पापुद्र्याने गुंडाळलेली चार-पाच सेंटिमीटरची चकती दिसते. हा ग्लॅडिओलस असावा असं वाटतं, पण "असावा" इथे पुरत नाही. कंद उलटा केला की तळाला बहुधा दुसरी एक चकती चिकटलेली सापडते, सुकलेली, सुरकुतलेली, बोटांनी ओढली की सहज निघणारी. ती म्हणजे गेल्या वर्षीचा कंद. ग्लॅडिओलसचा कंद एकाच हंगामाचा धनी असतो. त्यातलं अन्न खाऊन कोंब वर येतो, फूल येतं, आणि त्याच वेळी खोडाच्या बुडाशी, जुन्या कंदाच्या बरोब्बर डोक्यावर, नवा कंद भरत जातो. पानं पिवळी पडेपर्यंत जुना पार निचरलेला असतो. जुना आणि नवा यांच्या सांध्यात वाटाण्यापासून ज्वारीच्या दाण्यापर्यंतच्या आकाराची कडक सालीची पिल्लं लागलेली असतात. बाजारातून साफ करून आलेल्या कंदाला जुनी चकती नसते, पण ती जिथून निघाली तिथे गोल खळगा उरतो. हा खळगा किंवा ती सुकी चकती फोटोत दिसली की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं पापुद्रा काढल्यावर होतं. आत थर नसतात. कंद बटाट्यासारखा भरीव असतो, कारण ते फुगलेलं खोड आहे. त्याच्या अंगावर आडव्या गोल रेषा असतात, म्हणजे खोडाची पेरं, आणि डोळे मनाला येतील तिथे नसतात. ग्लॅडिओलसची पानं समोरासमोर दोनच ओळींत येतात, त्यामुळे प्रत्येक पानाच्या बगलेतला डोळाही त्याच रेषेत पडतो. वरून सरळ पाहिलं तर सगळे डोळे कंदाच्या मध्यातून जाणाऱ्या एका रेघेवर दिसतात. गरचा रंग पिवळटापासून लालसरापर्यंत काहीही असू शकतो. त्यावरून फुलाचा रंग सांगायच्या फंदात पडू नये.

फसगत होते ती क्रोकॉस्मियाशी. थंड हवेच्या ठिकाणच्या बागांत शेंदरी फुलांची ही झाडं आढळतात, आणि तिचे कंदही असेच चपटे, जाळीदार पापुद्र्याचे असतात. फरक पुन्हा बुडाशीच आहे. क्रोकॉस्मियाचे जुने कंद निचरून जात नाहीत. वर्षानुवर्षांचे कंद एकाखाली एक, नाण्यांच्या चळतीसारखे जोडलेले राहतात. आकारानेही ते लहान असतात. एकेकटा सुटा करून फोटो काढला तर ही सगळ्यांत मोठी खूण हरवते. म्हणून ढिगातला निदान एक जुडगा न तोडता, आहे तसा दाखवावा.

ग्लॅडिओलसच्या फोटोतून आणखी एक गोष्ट वाचता येते, ती म्हणजे कंद कितपत कामाचा आहे. बाजूने काढलेल्या फोटोत कंद उंच, टपोरा दिसला तर तो तरुण आणि जोमदार. तेवढ्याच रुंदीचा पण अगदी बसका, मधे खळगा पडलेला कंद बहुधा म्हातारा. त्याला फुलाचा दांडा येईलच असं नाही. अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर यंदा नुसती पानंच येण्याची शक्यता जास्त. पिल्लांना फुलावर यायला दोन-तीन हंगाम लागतात. वरून काढलेल्या फोटोत उंच आणि बसका यांतला फरक दिसतच नाही.

आता कांद्यासारखे. घरातले सगळे सांगतात, "त्या लिलीच आहेत, आजी लिली म्हणायची." इथे थोडं थांबावं लागतं. आपल्याकडे लिली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडांमध्ये खरी लिली, म्हणजे लिलियम, घरगुती अंगणात क्वचितच असते. महाराष्ट्रात लिलियम होते ती मुख्यतः पॉलिहाउसमध्ये, आणि तिचे बल्ब बहुतांश नेदरलँड्सहून ओलसर भुश्श्यात भरलेल्या क्रेटमधून येतात. या बल्बला बाहेरची कोरडी सालच नसते. जाड, मांसल, पांढरट पाकळ्या एकमेकींवर रचलेल्या असतात आणि प्रत्येक पाकळी बोटाने वेगळी मोडता येते. साल नसल्यामुळे तो उघड्यावर काही दिवसांत सुकून मऊ पडतो, आणि म्हणूनच तो पिशवीत घालून माळ्यावर ठेवता येत नाही. त्याच्या बुडाला जाड जिवंत मुळांचा झुपका असतो, तो विकणाराही सहसा कापत नाही.

यावरून फोटो वाचणाऱ्याला एक सरळ कसोटी मिळते. कंदावर तपकिरी, कागदी साल असेल तर ती लिलियम नव्हे. खातं तिथेच बंद. ऑनलाइन मागवलेले "दहा रंगांचे लिलियम" घरी आल्यावर ज्यांच्या हातात सुपारीएवढे, काळपट सालीचे, लांब मानेचे बल्ब पडतात, त्यांनाही हीच कसोटी उपयोगी पडते. तसे बल्ब बहुतेक वेळा रेन लिलीचे असतात. फूल छानच येतं, पण ज्याचे पैसे मोजले ते नव्हे.

मग साताऱ्याच्या ढिगातले ते डझनभर कशाचे? एक उभा कापला तर आतमध्ये कांद्यासारखेच थर दिसतात, आणि सगळे थर तळाशी एका जाड, टणक चकतीला चिकटलेले असतात. मुळं या चकतीच्या कडेने खाली फुटतात. म्हणजे हा खरा बल्ब. थर हे अन्न साठवणारे पानांचे तळ, आणि चकती हे चेपलेलं खोड. वास घेतला तर कांद्या-लसणीचा उग्र दर्प नाही. साल कोरडी, मान स्पष्ट, बल्ब मुठीएवढे, मुळं जाड, पांढरी आणि अजून ओली. एवढ्यावरून सांगता येतं की हा अमॅरिलिसच्या कुळातला कंद आहे. पण त्या कुळातलं नेमकं काय, हे झोपलेल्या कंदाच्या फोटोवरून सांगणारा माणूस धाडस करतोय असं समजावं. मोठ्या कर्ण्यासारख्या फुलांची अमॅरिलिस, म्हणजे हिपिएस्ट्रम, पांढऱ्या तंतूंची स्पायडर लिली, म्हणजे हायमेनोकॅलिस, आणि लहान वयाचा सुदर्शन यांचे सुप्त कंद इतके सारखे असतात की तज्ज्ञही पान येईपर्यंत थांबतात. सुदर्शनाचा जुना कंद मात्र फार मोठा आणि लांबलचक मानेचा होतो, तो वेगळा काढता येतो. अगदी लहान, दोन-तीन सेंटिमीटरचे, गर्द सालीचे आणि झुपक्याने वाढलेले असतील तर रेन लिली. एकमेकांना घट्ट चिकटलेले, टोकाकडे निमुळते होत गेलेले कंद दिसले तर निशिगंधाचा विचार करावा.

इथे आकार कळणं किती महत्त्वाचं आहे ते लक्षात येतं. फोटोत मुठीएवढा बल्ब आणि सुपारीएवढा बल्ब सारखाच दिसतो. पडदाभर मोठा केला की सगळेच मोठे. म्हणून फोटोत शेजारी काहीतरी मापाचं हवं. नाणं चालतं, पण रुपया, दोन आणि पाचची नाणी गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या आकारांत निघाली आहेत. दोन धातूंचं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटर व्यासाचं असतं, ते ठेवावं. हात, चमचा, "साधारण लिंबाएवढा" यांवरून अंदाज चुकतो.

जाड गुलाबीसर गठ्ठे बहुतेकांना ओळखू येतात: कर्दळ. खरंच तीच आहे का, हे तपासण्यासारखं आहे, कारण सोनटक्का, आलं, हळद आणि तिच्या रानटी बहिणी यांचे गड्डे दूरून तसेच दिसतात. हे सगळे जमिनीत आडवं वाढणारे खोड आहेत. पेरापेरांवर वळ्या असतात, मुळं खालच्या अंगाने फुटतात आणि कोंब वरच्या अंगाने. कर्दळीचा गड्डा तीन-चार सेंटिमीटर जाड, आखूड पेरांचा असतो. प्रत्येक फाट्याचं टोक वर वळून जुन्या दांड्याच्या थोटकात संपतं, आणि त्याच्या बाजूला टोकदार, खवल्यांनी गुंडाळलेला डोळा असतो. हा डोळा बऱ्याचदा गुलाबी किंवा जांभळट दिसतो. तपकिरी-लाल पानांच्या कर्दळीचे डोळे जास्त गडद असतात, त्यामुळे पानाच्या रंगाचा अंदाज बांधता येतो. फुलाचा नाही.

खरी परीक्षा फोटोत मावत नाही. गड्ड्यावर नखाने ओरखडा काढून नाकाशी न्यायचा. आल्याचा वास आला तर आलं किंवा सोनटक्का. कच्च्या कैरीचा आला तर आंबेहळद. आतून गडद पिवळा-नारिंगी असेल तर हळद. पांढरट, पिठूळ, तंतुमय आणि वासहीन असेल तर कर्दळ. म्हणून नुसता फोटो पाठवणाऱ्याला माळी विचारतो, "वास कसला येतोय?" आणि मग दुसरा प्रश्न, "त्या जागेत मातीत काळे, गोल, दगडासारखे दाणे सापडले का?" कर्दळीचं बी वाटाण्याएवढं, काळंभोर आणि इतकं कडक असतं की ते पेरण्याआधी त्याची साल घासावी लागते. जुन्या वाफ्यात ते हमखास सापडतं. साताऱ्याच्या ढिगात असे दाणे निघाले तर कर्दळीवर शिक्कामोर्तब.

कर्दळ एका बाबतीत या यादीत थोडी उपरी आहे. आपल्या हवेत ती पाणी मिळालं तर वर्षभर हिरवी राहते. ती पूर्ण झोपते ती बर्फ पडणाऱ्या देशांत. तिकडे शरद ऋतूत पहिल्या हिमानंतर गड्डे काढून तळघरात ठेवतात आणि वसंतात पुन्हा लावतात. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांतही हा उद्योग चालतो, आणि मार्चमध्ये नावं नसलेल्या खोक्यांचा घोळही होतो. तिथे कर्दळीच्या शेजारी बहुधा डेलिया असतो. डेलियाचे कंद जुन्या दांड्याच्या बुडाशी घोसाने लटकलेले असतात आणि त्यांचे डोळे कंदावर कुठेही नसतात. ते फक्त कंद जिथे दांड्याला मिळतो त्या गळ्याशी असतात. तुटून एकटा पडलेला डेलियाचा कंद कितीही टवटवीत दिसला तरी गळा नसेल तर उगवत नाही. फोटोत गळा दिसत नसेल तर उत्तर द्यायलाच नको.

आता ती रताळी. गुळगुळीत, फिकट तपकिरी, बोटभर जाड, आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखी दोन हातांची. रताळ्याच्या वेलाला असे जोडकंद लागत नाहीत. रताळ्यावर बारीक मुळं ठिकठिकाणी असतात आणि कोंबही बऱ्याच जागांहून फुटू शकतात. या कंदाचं अंग मात्र साफ आहे, आणि डोळा आहे तो फक्त दोन्ही हातांच्या टोकांना, प्रत्येकी एक. ही कळलावी. पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांच्या वेलीचा कंद. तिच्या सगळ्या अंगात, आणि कंदात भरपूर, कॉल्चिसिन नावाचं विष असतं. तेच द्रव्य संधिवाताच्या एका प्रकारावर औषध म्हणून मोजून दिलं जातं आणि तमिळनाडूत त्यासाठी कळलावीची शेती होते. पण कंद रताळं किंवा कोनफळ समजून खाल्ल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी श्रीलंकेतून आणि भारतातून वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. शिजवल्याने हे विष जात नाही.

कळलावीचा अपवाद एकटा नाही. डोंगरउतारावरचा कोळकांदा, ज्याला रानकांदाही म्हणतात, हुबेहूब मोठ्या पांढऱ्या कांद्यासारखा दिसतो आणि त्याची द्रव्यं थेट हृदयावर परिणाम करतात. इंग्लंडमध्ये २००९ साली सफोक परगण्यातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांनी शाळेच्या बागेतल्या कांद्यांचं सूप केलं, त्यात एक डॅफोडिलचा बल्ब गेला आणि मुलं उलट्यांनी बेजार झाली. पुढे २०१५ मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य विभागाने मोठ्या दुकानांना कळवलं की डॅफोडिल आणि त्याचे बल्ब भाज्यांच्या शेजारी मांडू नका. थरांचा कंद पाहून कांदा समजणं ही इतकी सहज होणारी चूक आहे. म्हणून फोटोवरून लावण्यासाठी ओळख द्यायला हरकत नाही. खाण्यासाठी कुणीही देऊ नये आणि कुणीही घेऊ नये. वास हीसुद्धा एका दिशेचीच कसोटी आहे. कांद्याचा दर्प नाही म्हणजे तो कांदा नव्हे, एवढंच त्यातून कळतं. सगळे कंद हाताळताना हातमोजे घालणं शहाणपणाचं, कारण अळूच्या कुळातल्या आणि काही लिलींच्याही रसाने हात खाजतात.

अळूच्या कुळाचा उल्लेख आलाच आहे, तर "उलटा करा" या सूचनेतली एक गंमत सांगायला हवी. सुरण, कॅलेडियम यांचे कंद गोल, बसके आणि खडबडीत असतात. उलटा केला तर तळ साफ, मुळांची खूण नाही. कारण यांची मुळं वरून, कोंबाभोवतीच्या कड्यातून फुटतात. मुळांच्या बारीक गोल खुणा कंदाच्या डोक्यावर दिसल्या की तो अळूच्या कुळातला असण्याची शक्यता खूप वाढते. म्हणजे बुडाला काहीच नसणं हीसुद्धा ओळख असू शकते. असे कंद लोक बऱ्याचदा उलटे लावतात, कारण साफ, गुळगुळीत बाजू त्यांना वरची वाटते. ते उगवतात, पण उशिरा, कोंबाला वळसा घालून वर यावं लागतं म्हणून. कुठली बाजू वर हे ठरवता येत नसेल तर कंद आडवा लावावा, हा माळ्यांचा जुना तोडगा या जातीच्या घोळातूनच आलेला असावा.

चांगला फोटो काढायला महागडा कॅमेरा लागत नाही. कंद धुऊ नयेत. ओल्या कंदाला कुज लवकर लागते आणि पापुद्राही निघून जातो, तो तर ओळखीचा पुरावा. माती वाळू द्यावी आणि जुन्या दातब्रशने हलकेच झटकावी. उन्हात फोटो काढला तर सावल्या काळ्या पडून वळ्या दिसत नाहीत. व्हरांड्यातला सकाळचा उजेड पुरे. खाली पांढरा कागद असला की कॅमेरा उजेड कमी करतो आणि तपकिरी साल काळी दिसते, म्हणून करड्या किंवा निळ्या रंगाचं कापड अंथरावं. फोन अगदी जवळ नेऊ नये. जवळून काढला की पुढचा भाग अवाजवी मोठा येतो आणि बसका कंद उंच भासतो. हातभर अंतरावरून थोडं झूम करून काढलेला फोटो आकाराच्या बाबतीत जास्त खरा असतो. एका कंदाचे वरून, बाजूने, खालून असे तीन, आणि ढिगात पुष्कळ असतील तर एकाचा बळी देऊन उभ्या कापाचा चौथा. शेजारी ते दहाचं नाणं. एकुलता एक कंद असेल तर कापू नये, सालीचा एक कोपरा नखाने सरकवून आतलं दाखवावं.

काही गोष्टी मात्र कितीही फोटो काढले तरी दिसत नाहीत. कंद जिवंत आहे का, हे त्यातलं पहिलं. बाहेरून धडधाकट दिसणारा ग्लॅडिओलसचा कंद बुरशीने आतून तपकिरी आणि पोकळ झालेला असू शकतो. ते कळतं हातात. अंगठ्याने दाबल्यावर टणक लागावा आणि आकाराच्या मानाने जड वाटावा. हलका वाटला, किंवा बुडाच्या चकतीपाशी मऊ लागला, तर त्याची ओळख पटवण्यात अर्थ नाही; उलट तो इतरांपासून लांब टाकून द्यावा.

दुसरी गोष्ट, जिच्यासाठी खरं तर बहुतेक लोक फोटो पाठवतात, ती म्हणजे फुलाचा रंग. तो सुप्त कंदावर लिहिलेला नसतो. हॉलंडमध्ये सतराव्या शतकात ट्यूलिपचे बल्ब जमिनीत असतानाच विकले जात, आणि व्यापारी गिऱ्हाइकांना दाखवायला फुलांच्या रंगीत चित्रांची पुस्तकं बाळगत, कारण बल्ब पाहून कुणालाच काही कळत नसे. ग्लॅडिओलसच्या पंचवीस कंदांतले पांढरे कुठले आणि लाल कुठले, हे आजही त्यांच्या फोटोवरून सांगता येत नाही.

मग साताऱ्याच्या त्या घराला माळी काय कळवेल? चपटे कंद ग्लॅडिओलस, नक्की. ते आत्ता लावू नयेत. काढल्यानंतर त्यांना दोन-तीन महिन्यांची विश्रांती लागते, आणि आपल्याकडे ते पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावणं बरं. तोवर जाळीच्या पिशवीत, हवेशीर, कोरड्या जागी टांगावेत. गठ्ठे कर्दळीचे, नक्की. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे ठेवून कापावेत आणि पहिल्या पावसावर लावावेत. व्हीसारखे कंद कळलावीचे, जवळपास नक्की. स्वयंपाकघरातून ताबडतोब बाहेर काढावेत, पिशवीवर मोठ्या अक्षरांत "विषारी" लिहावं आणि लहान मुलं नसलेल्या कुंपणाकडेला आडवे पुरावेत. मानेचे बल्ब अमॅरिलिस कुळातले, पुढचं पानांवर सोपवावं. ते कुंडीत, मान मातीवर राहील असे लावावेत. आठ-दहा दिवसांनी पान डोकावलं की पुन्हा फोटो. पट्ट्यासारखी, देठ नसलेली, दोन बाजूंना पसरणारी पानं आली तर हिपिएस्ट्रम किंवा स्पायडर लिली, आणि त्यांतलं कुठलं ते फूलच ठरवील. रुंद, कडा लाटदार आणि स्पष्ट देठ असलेलं पान आलं, आणि बुडाशी जांभळट ठिपक्यांचा दांडा दिसला, तर तो एवढा वेळ कुणाच्या मनातही न आलेला उमेदवार आहे: मे महिन्यात लाल गोळ्याएवढं फूल देणारी फुटबॉल लिली. या सगळ्यांना त्याच दिवशी कुंडीवर खिळ्याने कोरलेली पत्र्याची पट्टी बांधावी, कारण पेनाने लिहिलेली नावं एका पावसाळ्यात उडून जातात.